अपसारणचिन्हाची साक्ष

एखादा मजकूर माणसाने लिहिला की भाषा-प्रारूपाने, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शब्दांचे क्रम शिकून नवे लेखन तयार करणाऱ्या संगणकीय यंत्रणेने, हे ओळखण्याची एक सोपी रीत अलीकडे शिक्षक, परीक्षक आणि संपादक यांच्यात रूढ झाली आहे. या रीतीनुसार तीन खुणा पाहिल्या जातात. पहिली खूण लांब आडव्या रेघेची. व्याकरणात तिला अपसारणचिन्ह आणि छपाईच्या व्यवहारात एम डॅश म्हणतात. दुसरी खूण विरामचिन्हांच्या लयीची, म्हणजे स्वल्पविराम आणि पूर्णविराम ठरावीक अंतराने पडत जाऊन वाक्ये साधारण एकाच मापाची होण्याची. तिसरी खूण सारख्या लांबीच्या परिच्छेदांची. या खुणा दिसल्या की लेखन यंत्राचे आहे असे समजावे आणि वेगळा पुरावा मागू नये, असे या मताचे पुरस्कर्ते मानतात. हे मत चुकीचे आहे, आणि त्याची चूक किरकोळ नाही. कारण त्यावर विसंबून गुण कापले जातात, प्रबंध परत पाठवले जातात आणि प्रामाणिक लेखकाला स्वतःच्याच वाक्यांचा खुलासा करत बसावे लागते.

या मताला काहीच आधार नाही असे मात्र म्हणता येत नाही. काही भाषा-प्रारूपांच्या इंग्रजी लेखनात अपसारणचिन्ह खरोखरच वारंवार येते, आणि त्यांचे परिच्छेदही पुष्कळदा एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. परंतु ‘यंत्राच्या लेखनात ही खूण बहुधा असते’ या विधानावरून ‘ही खूण असलेले लेखन बहुधा यंत्राचे असते’ हे विधान निघत नाही. पहिल्या विधानात यंत्राच्या लेखनाचा विचार आहे. दुसऱ्यासाठी माणसांच्या लेखनात ती खूण किती आढळते आणि ती तेथे कशी येते, हेही माहीत असावे लागते. पुरस्कर्त्यांनी नेमकी हीच बाजू पाहिलेली नाही.

रेघ मजकुरात कशी येते हे आधी पाहू. टंकलेखन यंत्रावर या चिन्हाची कळ नव्हती. तेथे संयोगचिन्ह, म्हणजे दोन शब्द जोडणारी आखूड रेघ, दोनदा मारली जाई आणि छापखान्यात जुळारी तिचे लांब रेघेत रूपांतर करी. संगणकाच्या सर्वसाधारण कळफलकावरही आखूड रेघेचीच कळ आहे. मात्र वर्ड या प्रचलित लेखन-प्रणालीत दोन शब्दांच्या मध्ये जागा न सोडता `--` टाइप केले आणि पुढचा शब्द संपवून जागा सोडली, की त्या दोन आखूड रेघांची आपोआप एक लांब रेघ होते. आणि दोन शब्दांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना जागा सोडून एकच आखूड रेघ मारली तर तिची मध्यम लांबीची रेघ होते, जिला एन डॅश म्हणतात. याचा अर्थ असा की लेखकाचे बोट तेच, कळ तीच, सवयही तीच. जागा सोडली की नाही एवढ्यावर कागदावर कोणती रेघ उमटणार हे ठरते. ही सोय बंद असलेल्या संगणकावर तेच वाक्य लिहिले तर दोन आखूड रेघा तशाच राहतात. रेघ मोजणारा परीक्षक अशा वेळी लेखकाऐवजी लेखन-प्रणालीतील एक सोय चालू होती की बंद, हे मोजत असतो.

त्यानंतर मजकूर प्रकाशनगृहात जातो, आणि प्रत्येक प्रकाशनगृहाचा चिन्हांचा आपापला शिरस्ता असतो. अमेरिकेत शिकागोची लेखनसंहिता पाळणारे प्रकाशक दोन्ही बाजूंना जागा न सोडता लांब रेघ छापतात. ब्रिटनमधील अनेक प्रकाशक त्याच जागी, दोन्ही बाजूंना जागा सोडून, मध्यम रेघ छापतात. तर ऑक्सफर्डच्या विद्यापीठ प्रकाशनाचा शिरस्ता ब्रिटनमध्ये असूनही लांब रेघेचाच आहे. त्यामुळे एकाच लेखकाचे एकच पुस्तक दोन देशांत निघाले तर एका आवृत्तीत शेकडो लांब रेघा आणि दुसरीत एकही नाही, असे घडू शकते.

याचे फार बोलके उदाहरण एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीच्या लेखनात सापडते. तिने सुमारे अठराशे कविता लिहिल्या, त्यांतील मोजक्याच तिच्या हयातीत छापल्या गेल्या, आणि तिच्या हस्तलिखितांत लहानमोठ्या, वर किंवा खाली कललेल्या रेघा जागोजागी आहेत. १८९० साली मेबल लूमिस टॉड आणि टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी तिच्या कवितांचा पहिला संग्रह काढला, तेव्हा त्या काळच्या वाचकाला रुचेल अशा बेताने पुष्कळ रेघा काढून तेथे स्वल्पविराम, अर्धविराम आणि पूर्णविराम घातले. १९५५ साली टॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांवरून संपूर्ण कविता संपादित केल्या तेव्हा त्या रेघा वाचकांसमोर परत आल्या. म्हणजे जवळपास पासष्ट वर्षे छापील पानावर तिच्या हाताचे सर्वांत ठळक चिन्ह मोठ्या प्रमाणात पुसलेले होते. त्या काळात कोणी १८९० च्या संग्रहातील रेघा मोजून कवयित्रीविषयी निष्कर्ष काढला असता, तर तो प्रत्यक्षात टॉड आणि हिगिन्सन यांच्याविषयीचा ठरला असता. रेघ खूण असू शकते हे डिकिन्सनच्या हस्तलिखितावरून सिद्ध होते, आणि छापील रेघेवर विसंबता येत नाही हे तिच्या पहिल्या संग्रहावरून. या दोन्ही गोष्टी एकाच लेखिकेच्या बाबतीत खऱ्या आहेत, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

मराठीत तर ही चिन्हेच मुळात बाहेरून आणि उशिरा आली. मोडीतील पत्रव्यवहारात शब्दसुद्धा सुटे लिहिले जात नसत. आज वापरली जाणारी विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या नमुन्यावरून रूढ झाली आणि मेजर टॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची आहे. बोलता बोलता विचार तुटला किंवा आधीच्या शब्दाचा खुलासा करायचा असला की अपसारणचिन्ह द्यावे, असे मराठी शाळांतून शिकवले जाते, आणि नाटकाच्या छापील संहितेत पात्राच्या नावापुढे ही रेघ सर्रास येते. शाळेत शिकवलेले चिन्ह विद्यार्थ्याने वापरले म्हणून त्याच्यावर संशय घेणे हा उघड अन्याय आहे.

आता लयीकडे वळू. लयीचे माप म्हणून दोन गोष्टी मोजल्या जातात: वाक्याची सरासरी लांबी, आणि वाक्ये त्या सरासरीपासून किती दूर जातात याचे माप, ज्याला संख्याशास्त्रात प्रमाण विचलन म्हणतात. एका उताऱ्यात बारा, चौदा, तेरा, तेरा शब्दांची वाक्ये असतील आणि दुसऱ्यात चार, बावीस, तीन, तेवीस शब्दांची, तर दोन्हींची सरासरी तेराच येते. फरक दाखवतो तो विचलनाचा आकडा. यंत्राचे लेखन पहिल्या उताऱ्यासारखे असते आणि माणसाचे दुसऱ्यासारखे, असे गृहीत धरून निकाल दिला जातो.

वाक्याच्या लांबीवरून लेखक ओळखण्याचा प्रयत्न नवा नाही, आणि त्याचे काय झाले हे लेखनशैलीच्या संख्याशास्त्रीय अभ्यासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले, ज्यांना फेडरलिस्ट लेख म्हणतात. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे हे त्यांचे लेखक. परंतु १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे याविषयी वाद राहिला. १९४१ साली फ्रेडरिक मोस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स यांनी, ज्या लेखांचे कर्तृत्व निर्विवाद होते त्यांतील वाक्यांची लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टनची सरासरी ३४.५५ शब्द निघाली आणि मॅडिसनची ३४.५९. विचलनाचे आकडेही इतके जवळजवळ होते की त्यांवरून दोघांना वेगळे करता येईना. दोन भिन्न स्वभावांची माणसे, पुढे राजकारणात एकमेकांच्या विरोधात गेलेली, पण त्यांच्या वाक्याचे माप एकच. कारण ते माप त्या दोघांचे नसून त्या काळच्या सुशिक्षित राजकीय गद्याचे होते.

हा वाद सुटला तो वेगळ्या वाटेने. मोस्टेलर यांनी पुढे डेव्हिड वॉलेस यांच्याबरोबर काम करून १९६४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वाक्यांच्या मापाऐवजी विषयाशी संबंध नसलेल्या बारीकसारीक शब्दांचे प्रमाण मोजले होते. ‘अपॉन’ हे इंग्रजी शब्दयोगी अव्यय हॅमिल्टनच्या लेखनात हजार शब्दांमागे सुमारे तीन वेळा येते, तर मॅडिसनच्या लेखनात चार हजार शब्दांमागे जेमतेम एकदा. अशा तीसेक शब्दांचा एकत्र हिशेब केल्यावर सर्व १२ लेखांचा कौल मॅडिसनच्या बाजूने आला. या यशामागील अटी मात्र विसरता येत नाहीत. संशयित फक्त दोन होते, दोघांचेही निर्विवाद लेखन तुलनेला भरपूर उपलब्ध होते, लेखनाचा काळ, विषय आणि प्रकार एकच होता, आणि निष्कर्ष एका शब्दावर उभा नव्हता. आज एखाद्या विद्यार्थ्याच्या चारशे शब्दांच्या निबंधावरून निकाल देणाऱ्याजवळ यांतली एकही अट पुरी झालेली नसते. चारशे शब्दांत वीस-पंचवीस वाक्ये असतात. त्यांतले एक वाक्य तोडून दोन केले तरी विचलनाचा आकडा हलतो.

मराठी मजकुरात तर मोजण्याची क्रियाच घसरते. वाक्य कुठे संपले हे ओळखण्यासाठी साधी गणनप्रणाली पूर्णविराम शोधते, आणि मराठीत पूर्णविरामाचे टिंब आद्याक्षरांनाही लागते. ‘पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक रूपांतरित केले.’ या एका वाक्याची अशी प्रणाली तीन वाक्ये करते: एक एका अक्षराचे, दुसरे एका अक्षराचे आणि तिसरे उरलेल्या सहा शब्दांचे. ‘इ. स.’ आणि ‘डॉ.’ यांचीही तीच गत होते. परिणामी ज्या निबंधात व्यक्तिनामे आणि सनावळ्या जास्त, त्याची लय आपोआप चढउतारांची ठरते, आणि ज्यात त्या नाहीत तो निबंध सपाट म्हणून संशयास्पद ठरतो.

परिच्छेदाच्या लांबीविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ही खूण तिघींत सर्वांत कमकुवत आहे. अमेरिकेतील शाळांतून पाच परिच्छेदांचा निबंध पिढ्यान् पिढ्या शिकवला जातो, ज्यात प्रस्तावना, तीन मुद्दे आणि समारोप अशी मांडणी असते; ती नीट शिकलेल्या मुलाचे परिच्छेद सारखेच होणार. वृत्तपत्राच्या अरुंद स्तंभात परिच्छेद कुठे तोडायचा हे पुष्कळदा उपसंपादक ठरवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराला अडीचशे शब्दांची मर्यादा असली, की सारी उत्तरे एकाच उंचीची दिसतात. परिच्छेदाचा आकार हा बहुतांशी लेखनप्रकाराचा आणि जागेचा हिशेब असतो.

यावर पुरस्कर्त्यांचे सर्वांत बळकट उत्तर असे असते की एकेक खूण कच्ची असेल, पण तिन्ही एकत्र आल्या तर योगायोग म्हणता येणार नाही. हे उत्तर आकड्यांत मांडून तपासणे योग्य ठरेल. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा एक हजार निबंध आहेत, त्यांतले शंभर यंत्राचे आणि नऊशे माणसांचे आहेत. समजा यंत्राच्या साठ टक्के निबंधांत लांब रेघा आहेत आणि माणसांच्या पंधरा टक्के निबंधांत. म्हणजे ही खूण यंत्राच्या लेखनात चौपट आढळते, आणि ती चांगलीच सूचक वाटते. पण रेघा असलेले निबंध वेगळे काढले तर यंत्राचे ६० आणि माणसांचे १३५ हाती येतात. १९५ संशयितांपैकी १३५, म्हणजे दर दहांत सुमारे सात, निर्दोष निघतात. खूण चौपट असूनही असे होते, कारण माणसांचे निबंध मुळातच नऊपट आहेत.

आता लय आणि परिच्छेद याही खुणा प्रत्येकी चौपट सूचक धरल्या, आणि तिघींचा परस्परांशी संबंध नाही असे मानले, तर चार गुणिले चार गुणिले चार मिळून चौसष्टपट वजन होते आणि तिन्ही खुणा असलेला निबंध यंत्राचा असण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते. पुरस्कर्त्यांची खात्री नकळत या गुणाकारावर उभी असते. परंतु हा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतात, आणि या तिघी तशा नाहीत. ज्याचे लेखन संस्कारित आहे, म्हणजे ज्याने स्वतः मजकूर चारदा घासूनपुसून घेतला किंवा जो जाणत्या संपादकाच्या हातून गेला, त्याच्या लेखनात योग्य लांबीची रेघ, मोजून टाकलेली विरामचिन्हे आणि नेटके परिच्छेद एकदमच येतात. एकाच घरातल्या तीन साक्षीदारांनी एकच हकीकत सांगितली तर त्यांची साक्ष तिप्पट होत नाही. तिन्ही खुणा पूर्णपणे एकाच कारणाने येत असतील, तर त्यांचे एकत्रित वजन चौपटच राहते आणि शक्यता ३१ टक्क्यांवरच थांबते. खरी परिस्थिती या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी असते, आणि ती कुठे आहे हे मोजल्याशिवाय दोष देता येत नाही.

शिवाय ही चूक सर्वांवर सारखी पडत नाही. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध यंत्रलेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या सात प्रणालींतून तपासून घेतले. हे सर्व निबंध माणसांचे होते, तरी सरासरीने ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. त्या प्रणाली रेघा मोजत नव्हत्या, पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजत होत्या. पण धडा तोच आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ठाऊक असलेले शब्द आणि घोटून घेतलेली वाक्यरचना वापरतो, म्हणून त्याचे लेखन सपाट दिसते. परदेशी विद्यापीठात इंग्रजीतून लिहिणारे मराठी विद्यार्थी याच वर्गात मोडतात. त्याच वर्षी जुलैत ओपनएआय या भाषा-प्रारूपे तयार करणाऱ्या कंपनीने स्वतःची ओळख-प्रणाली अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतली. कंपनीच्याच चाचणीत ती यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के पकडत होती आणि माणसांच्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवत होती. घडवणाऱ्यांना जे जमले नाही, ते परीक्षकाला रेघा मोजून जमेल असे मानायला आधार नाही. दुसरीकडे, ज्याला खरोखर फसवायचे आहे त्याला शोधून बदलण्याच्या एका आज्ञेने सगळ्या रेघा काढता येतात आणि दोन परिच्छेद जोडून आकार बिघडवता येतो. या कसोटीतून तो निसटतो, आणि जपून लिहिणारा सापडतो.

तरीही संशय आला तर काय करावे, हा रास्त प्रश्न आहे. समजा इंग्रजी प्रबंधाची चार प्रकरणे आली आहेत आणि लांब रेघा फक्त तिसऱ्यात आहेत. प्रथम त्या प्रकरणातील अवतरणचिन्हे पाहावीत. रेघा लांब आणि त्याबरोबर अवतरणचिन्हे वळणदार असतील, आणि इतर प्रकरणांत दोन्ही साधी असतील, तर ते प्रकरण वेगळ्या संगणकावर किंवा वेगळ्या लेखन-प्रणालीत लिहिले गेले असण्याचा संभव मोठा आहे; आणि विद्यार्थ्याने नवा संगणक घेणे, मार्गदर्शकाने तेवढे प्रकरण तपासणे किंवा मजकूर दुसरीकडून आणून चिकटवणे, यांतले कोणतेही कारण त्यामागे असू शकते. रेघ एवढेच सांगते की येथे काहीतरी बदलले. काय बदलले हे तिला सांगता येत नाही. त्यापुढे धारिकेचा आवृत्ती-इतिहास पाहावा, म्हणजे मजकूर दिवसेंदिवस वाढत गेला की एका क्षणी पूर्ण उतरला हे दिसते. विद्यार्थ्याच्या आधीच्या टिपणांत त्याच शब्दयोजना आहेत का ते पाहावे. प्रकरणातील प्रत्येक संदर्भ उघडून तो अस्तित्वात आहे का आणि त्यात खरोखर तेच म्हटले आहे का, हे तपासावे. शेवटी विद्यार्थ्याला समोर बसवून, एका साधनाऐवजी दुसरे का निवडले आणि अमुक निष्कर्ष अमुक पुराव्यावरून कसा निघाला, हे विचारावे. त्याला ते सांगता आले नाही तर संशयाला बळ मिळते, आणि ते रेघेमुळे मिळालेले नसते. सांगता आले, तर तिसऱ्या प्रकरणातील रेघा जशा आहेत तशा राहू द्याव्यात.